नाव बदललं तरी चालणारं भाषण

शोकसभेतलं भाषण तपासायची एक सोपी चाचणी आहे. गेलेल्या माणसाचं नाव काढायचं आणि तिथे दुसऱ्या कुणाचंही घालायचं. भाषण तसंच्या तसं चाललं, तर ते त्या माणसाबद्दल नव्हतंच.

आपण ऐकतो त्यातली बरीच भाषणं या चाचणीत नापास होतात. मनमिळाऊ स्वभाव, हसतमुख चेहरा, कधीही भरून न येणारी पोकळी. शेजारी किंवा मामा हे शब्द बोलतात तेव्हा फारसं बिघडत नाही, कारण समोर बसलेल्यांना त्यामागची चाळीस वर्षं माहीत असतात. पोकळ शब्द ऐकणाऱ्यांच्या आठवणींनी भरून निघतो. पण बोलणारा फक्त ऑफिसातून ओळखणारा असेल, तर त्याच्या शब्दांमागे ऐकणाऱ्यांना काहीच दिसत नाही. त्याने त्या माणसाला एकाच खिडकीतून पाहिलेलं असतं. अशा वेळी दोन गोष्टी होतात. एक तर तो नसलेली जवळीक दाखवतो, नाही तर बायोडेटा वाचून खाली बसतो.

या अडचणीचं एक मोठं उदाहरण आपल्या संसदेत आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेब आंबेडकर गेले आणि त्याच दिवशी लोकसभेत पंतप्रधान नेहरू त्यांच्याबद्दल बोलले. दोघांची ओळख मुख्यतः कामातली. संविधान सभा, मंत्रिमंडळ, कायद्यांचे मसुदे आणि त्यावरचे मतभेद. ते भाषण इंग्रजीत आहे आणि छोटं आहे. मी ते अनेकदा वाचलंय, आणि दर वेळी त्यातली शिस्त आधी जाणवते, उणीव नंतर.

शिस्त अशी. सुरुवातीलाच नेहरू सांगतात की दोनच दिवसांपूर्वी ते दुसऱ्या सभागृहात हजर होते, त्यामुळे या बातमीचा धक्का बसला. म्हणजे दुःख सांगायला त्यांनी विशेषण घेतलं नाही, तपासता येईल अशी एक गोष्ट घेतली. पुढे संविधान: ते घडवताना त्यांच्याइतके कष्ट कुणीच घेतले नाहीत. मग हिंदू कायद्यातली सुधारणा. मग हिंदू समाजातल्या जुलमी चालींविरुद्धच्या बंडाचं ते प्रतीक होते, आणि लोक त्यांना सर्वांत जास्त त्यासाठीच आठवतील, हे. महाडचं तळं किंवा आमच्या अमरावतीतला अंबादेवी मंदिराचा सत्याग्रह यांची जंत्री नेहरू देत नाहीत. ते बहुतेक स्वतः जे पाहिलं त्याच्याच आत राहतात. शिवाय बाबासाहेब मवाळ बोलणारे नव्हते, वादग्रस्त होते, हेही ते सांगतात. गेलेल्या माणसाला गुळगुळीत करत नाहीत.

आता उणीव. हिंदू कायद्याबद्दल नेहरू म्हणतात त्याचा आशय असा, की ही सुधारणा बऱ्याच अंशी झालेली त्यांनी पाहिली याचा मला आनंद आहे, त्यांनी स्वतः लिहिलेल्या त्या भल्यामोठ्या मसुद्याच्या रूपात नसेल, पण तुकड्यातुकड्यांनी. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. विवाहाचा कायदा १९५५ मध्ये झाला, वारसा आणि पालकत्व यांचे १९५६ मध्ये. बाबासाहेबांनी ते खरोखरच पाहिलं. पण मधला एक प्रसंग गाळलाय. सप्टेंबर १९५१ मध्ये, मोजकीच कलमं मंजूर झाल्यावर, सरकारने ते विधेयक बाजूला ठेवलं आणि कायदामंत्री आंबेडकरांनी राजीनामा दिला. विधेयक थांबणं हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक ठळक कारण होतं. आणि ते बाजूला ठेवणाऱ्या सरकारचे प्रमुख म्हणजे हे भाषण करणारेच.

तथ्यं तपासलेली असली की भाषण प्रामाणिक होतं असं आपण धरून चालतो. इथे दिसतं की तसं नसतं. दोन खऱ्या तथ्यांच्या मधलं तिसरं काढून घेतलं, तर उरलेली दोन बोलणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. कामातल्या ओळखीत हा धोका मोठा आहे, कारण तिथे बोलणारा बहुधा साक्षीदारही असतो आणि एक पक्षही.

दुसरी उणीव याच्याशीच जोडलेली आहे. त्या भाषणात गोष्ट नाही. एकही खोली नाही, बैठक नाही, बाबासाहेब काही करताहेत असं एक दृश्य नाही. नेहरूंकडे सांगण्यासारखा प्रसंग होता, तो नेमका राजीनाम्याचा होता. तो गाळल्यावर हातात प्रतीक उरलं. प्रतीक मोठं असतं, पण ते कुणाला नाही म्हणत नाही, रागावून बाहेर पडत नाही.

याच्या शेजारी दुसरं भाषण ठेवू. २७ मे १९६४ ला नेहरू गेले आणि दोन दिवसांनी राज्यसभेत अटलबिहारी वाजपेयी बोलले. हेही कामातलंच नातं. वाजपेयी १९५७ पासून संसदेत, विरोधी बाकावर. त्यांचं हिंदी भाषण आजही फिरतं ते त्यातल्या अलंकारांमुळे: अर्धं राहिलेलं स्वप्न, थांबलेलं गाणं, विझलेली ज्योत. माझ्या चाचणीत हे अलंकार नापास होतात, कोणत्याही मोठ्या नेत्याला ते लावता येतील. पण त्याच भाषणात दोन-तीन वाक्यांचा एक प्रसंग आहे. चीनच्या आक्रमणाच्या दिवसांत पाश्चात्त्य मित्रदेश काश्मीरवर पाकिस्तानशी तडजोड करा म्हणून सुचवत होते. तडजोड झाली नाही तर दोन आघाड्यांवर लढावं लागेल, असं कुणीतरी म्हटल्यावर नेहरू भडकले आणि गरज पडली तर दोन्हीवर लढू म्हणाले. त्या दिवशी आपण त्यांना फार संतापलेलं पाहिलं, असं वाजपेयी सांगतात.

या प्रसंगात नाव बदलता येत नाही. त्यात माणूस काहीतरी करतो, तेही दबावाखाली. सांगणारा तिथे होता. आणि तो विरोधक असल्यामुळे हा प्रसंग सांगून त्याचं स्वतःचं काही साधत नाही. बाकीच्या अलंकारांना वजन येतं ते या दोन-तीन वाक्यांमुळे.

हे सगळं मला वापरून पाहावं लागलं ते अकोल्यात. आमच्या टीममधले एक ज्येष्ठ सहकारी गेले. अडीच वर्षं आम्ही रोज बोलायचो, पण कॉलवर. ते अकोल्याहून काम करायचे, मी अमरावतीहून. प्रत्यक्ष एकदाही भेटलो नव्हतो. तेरवीला कंपनीकडून कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं त्यांच्या मोठ्या भावाने कळवलं. सगळ्यात जवळ मीच होतो. बडनेऱ्याहून गाडीत बसलो की दोनेक तासांत अकोला.

तीन मिनिटं बोलायचं ठरवलं, म्हणजे साधारण तीनशे शब्द. त्यात चारच तथ्यं ठेवली: पूर्ण नाव घरचे म्हणतात तसं, कंपनीत कधी आले, नेमकं काय काम करायचे आणि टीममधल्या किती नवीन मुलांना त्यांनी शिकवलं. प्रत्येक तथ्य दोन ठिकाणी पडताळलं. रुजू होण्याचं वर्ष त्यांच्या ऑनलाइन प्रोफाइलवर एक होतं आणि एचआरकडे दुसरं. एचआरचं घेतलं, आणि भावालाही विचारून घेतलं. ‘अनेकांना घडवलं’ याऐवजी ‘सहा जणांना’ म्हटलं, कारण ती सहा नावं मी मोजली होती, त्यातलं एक माझं.

काही गोष्टी मुद्दाम सोडल्या. रात्र-रात्र जागून काम करायचे, हे खरं होतं आणि ऑफिसात ती स्तुती ठरते. पण माणूस गेल्यावर घरच्यांच्या कानाला तेच वाक्य वेगळं लागतं. कुटुंबवत्सल होते, हेही म्हटलं नाही. असतीलच, पण मला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

मग गोष्ट. एका ग्राहकाच्या जुन्या नोंदी डेटाबेसमधून कायमच्या काढायच्या होत्या. रात्रीचे साडेअकरा, कॉलवर आम्ही चौघं. बॅकअप झाल्याचा हिरवा संदेश समोर होता. सगळ्यांना काम संपवून झोपायचं होतं. ते म्हणाले, बॅकअप झालाय हे दिसतंय, पण तो कुणी उघडून पाहिलाय का? त्यांनी तो वेगळ्या मशीनवर उतरवायला घेतला. चाळीस मिनिटं कुणी फार बोललं नाही. बॅकअप अर्धवट निघाला. काम दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि कुणाची चूक यावर ते एक शब्द बोलले नाहीत.

आठवण वेळा आणि आकडे सोयीने वाढवते, म्हणून त्या रात्रीचे मेसेज काढून वेळ पाहिली आणि कॉलवरच्या आणखी एकाला गोष्ट सांगून विचारलं, असंच झालं ना? राहिला प्रश्न ऐकणाऱ्यांचा. मांडवात त्यांची आई, काका, गावाकडची माणसं. डेटाबेस हा शब्दच काढला. म्हटलं, हिशेबाची जुनी वही फाडायची होती. झेरॉक्स काढून ठेवलीय असं सगळे म्हणत होते. ती झेरॉक्स वाचता येते का, ते यांनी आधी पाहिलं.

आदल्या दिवशी मजकूर भावाला फोनवर वाचून दाखवला होता. हे करायलाच हवं, कारण कोणती गोष्ट घरात दुखेल हे खिडकीबाहेरच्याला दिसत नाही. ऐकून ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घरीबी तसाच होता थो. कुलूप लावलं म्हटलं, तं मले पुन्हा पाह्याले धाडे.” त्यांच्या कामाबद्दल आम्हाले काई समजेच ना, असंही म्हणाले.

ऑफिसातून ओळखणाऱ्याने उभं राहायचं ते यासाठी. घरच्यांना माहीत असलेला माणूस त्यांना पुन्हा सांगायला नाही. दिवसाचे आठ-नऊ तास दाराआड बसून तो जे करायचा, ते त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. तेवढ्या तासांचा साक्षीदार आपणच असतो. साक्ष द्यायची तर पाहिलं तेवढंच सांगावं, आपल्याला अडचणीचं असेल ते गाळू नये, आणि झालं की माईक खाली ठेवावा.