बॉमोलच्या गणितात दोन्ही खर्च सारखे आले, तरी उत्तर चुकू शकतं

कॅश मॅनेजमेंटमधलं बॉमोल मॉडेल म्हणजे हमखास मार्क, असं आपल्याकडे समजतात. सूत्रात तीन आकडे घातले की उत्तर. पण सोडवलेली उदाहरणं तपासताना मला वाटतं की खरी अडचण सूत्रात नाही, ताळा घेण्याच्या पद्धतीत आहे. मी मुळात सायन्सचा, त्यामुळे एकक जुळलं नाही की खटकतं.

विल्यम बॉमोल यांनी हे मॉडेल 1952 मध्ये मांडलं. कल्पना गोदामातून घेतलेली. किती माल एकदम मागवायचा याचं गणित फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्येच केलं होतं. बॉमोल यांनी मालाच्या जागी रोकड ठेवली. मोठी रक्कम एकदम मोकळी केली तर व्याज बुडतं, थोडी थोडी केली तर दर वेळचा व्यवहारखर्च वाढतो.

आमच्या वाडीत अमरावती रोडने ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोदामं भरपूर, म्हणून तिथलंच एक काल्पनिक ऑफिस घेऊ. वर्षाची रोख गरज 60 लाख, रोखे मोडण्याचा खर्च दर वेळी 200 रुपये, रोख्यांवरचं व्याज वर्षाला 6 टक्के.

C = √(2bT/i) = √(2 × 200 × 60,00,000 / 0.06) = 2,00,000

म्हणजे वर्षात 30 वेळा रोखे मोडायचे, खर्च 6,000. हातात सरासरी एक लाख राहतात, त्यावर बुडालेलं व्याज 6,000. एकूण 12,000.

आता गडबड कुठे होते ते बघा. प्रश्नात "महिन्याला 5 लाख" दिलेलं असतं आणि व्याज मात्र वार्षिक. विद्यार्थी घाईत T = 5 लाख घालतो. उत्तर येतं 57,735. मग तो गाईडमध्ये सांगितलेला ताळा घेतो : 5,00,000 भागिले 57,735, गुणिले 200, म्हणजे 1,732. व्याज : 57,735 चं निम्मं, त्याचे 6 टक्के, तेही 1,732. दोन्ही सारखे! आता शंका कोण घेणार?

माझी टीका या ताळ्यावरच आहे. दोन्ही खर्च सारखे येणं हा सूत्राचाच परिणाम आहे. कोणतेही T, b, i घाला, ते सारखेच येणार. त्यातून वर्गमूळ बरोबर काढलं एवढंच कळतं, आकडे एकाच काळाचे आहेत की नाही ते कळत नाही. वरचे एक 1,732 महिन्याचे आहेत, दुसरे वर्षाचे. 57,735 ने खरोखर व्यवहार केला तर वर्षात सुमारे 104 वेळा रोखे मोडावे लागतील आणि खर्च जवळपास 22,500 होईल, 12,000 च्या दुपटीला टेकलेला.

मग ताळा कसा घ्यावा? उत्तराच्या निम्मी आणि दुप्पट रक्कम घेऊन वर्षाचा खर्च काढा. 1 लाखाला 12,000 अधिक 3,000, म्हणजे 15,000. 4 लाखांना 3,000 अधिक 12,000, पुन्हा 15,000. दोन्हीकडे खर्च चढतो, म्हणजे तळ मध्ये आहे. सगळे आकडे वर्षाचेच घ्यायचे, हे मात्र विसरू नका. 57,735 ची दुप्पट करून असं पाहिलं असतं तर खर्च चढण्याऐवजी उतरला असता आणि चूक लगेच दिसली असती.

याच तक्त्यातून अजून एक गोष्ट दिसते. रक्कम दुप्पट चुकली तरी खर्च फक्त पंचवीस टक्के वाढतो. तळ इतका सपाट असताना उत्तर पैशापर्यंत दोन दशांश स्थळं लिहायचा आग्रह कशाला, हे मला अजून समजलेलं नाही.

दुसरी चूक b ची. "दर व्यवहारी 200 रुपये आणि रकमेच्या 0.1 टक्के दलाली" असा प्रश्न आला की बरेच जण दलाली b मध्ये मिळवतात. 2 लाखांवर दलाली 200, म्हणून b = 400, आणि उत्तर 2,82,843. पण दलाली वर्षभरात 60 लाखांवरच पडते, तुकडे 30 करा की 15. ती 6,000 च राहते. C बदलून जो खर्च बदलत नाही, तो C ठरवू शकत नाही. उत्तर 2 लाखच. एकूण खर्चात तेवढे 6,000 मिळवा. (गंमत म्हणजे या चुकीने खर्च, दलाली सोडून, सहा टक्केच वाढतो. मार्क मात्र पूर्ण जातात.)

आता वाडीच्या ऑफिसकडे परत. मॉडेल धरून चालतं की पैसा रोज सारखाच खर्च होतो आणि गरज आधीच ठाऊक असते. ड्रायव्हरचा भत्ता तसा रोजचा, पण डिझेलची उधारी एकदम चुकती होते, पार्टीचं बिल कधी येईल ते पार्टीच जाणे. येणं-जाणं असं अनिश्चित असेल तर एकच C काढण्यात अर्थ नाही. तिथे रोकडीची वरची-खालची मर्यादा ठरवणारं मिलर आणि ऑर यांचं 1966 चं मॉडेल लागतं. प्रबंधात बॉमोल वापरायचा असेल तर आधी त्या फर्मचा रोजचा रोख खर्च तारखेनुसार कागदावर काढून पाहा. रेषा साधारण आडवी राहत असेल, तरच पुढचं वर्गमूळ काढा.