रक्षाविसर्जनाची चौकट

कोल्हापूरच्या दैनिकांतील शोकजाहिरातीचा गाभा ‘निधन’ या शब्दात नसतो, तो ‘रक्षाविसर्जन’ या शब्दात असतो. अंत्यसंस्कार सहसा काही तासांत उरकतात. ज्यांना तेव्हा पोहोचता आले नाही, त्यांना ही चौकट बोलावते. म्हणजे ती श्रद्धांजली होण्याआधी सांगावा असते, आणि तिचे परीक्षण त्याच कसोटीवर करावे.

एक नमुना घेऊ. रविवारी संध्याकाळी निधन झाले आणि मंगळवारी सकाळी नऊला पंचगंगा स्मशानभूमीत रक्षाविसर्जन ठरले. मजकूर सोमवारी लिहिला जातो, पण वाचला जातो मंगळवारी. घरचे ‘उद्या’ लिहितात आणि छापील चौकटीत त्याचा बुधवार होतो. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही द्यावेत. वार व तारीख जुळतात का, हे दिनदर्शिकेवर पाहावे. जन्मतारखेचेही तसेच. जुन्या पिढीत अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून असते. खरी तारीख ठाऊक नसेल, तर नुसते वय लिहिणे अधिक प्रामाणिक.

आता मांडणी. दोन कॉलम रुंद, आठ सेंटिमीटर उंच अशा चौकटीत छायाचित्र, सर्वांत मोठ्या अक्षरांत नाव, मग तारखा आणि रक्षाविसर्जन एवढे नीट बसते. त्यात ‘शोकाकुल’खाली चाळीस नावे घातली की अक्षरे बारीक होतात. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो. ती पसरून बारीक अक्षरांतल्या फटी बुजतात. काळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरे तर आधी जातात, अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी. छायाचित्रही याच कारणाने काळवंडते, म्हणून ते आधीच थोडे उजळ करून द्यावे. लग्नाच्या समूहचित्रातून कापलेला, मोबाइलवरून फिरत आलेला चेहरा छापल्यावर ओळखू येत नाही.

शब्दांत सर्वांत जड असतात ती नावाआधीची दोन-चार अक्षरे. ‘कै.’, ‘लिंगैक्य’, ‘कालकथित’, ‘पैगंबरवासी’ यांतून घराची श्रद्धा कळते. तो शब्द घरच्यांनी सांगायचा, मजकूर जुळवणाऱ्याने सवयीने घालायचा नाही. पण माझा खरा आक्षेप खालच्या ओळीवर आहे. परवापर्यंत ‘सौ.’ असलेली पत्नी तिथे ‘गं. भा.’ होते, बहुधा तिला न विचारता. याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. कपाळावरचे कुंकू राखायचे आणि चौकटीत मात्र तिचे वैधव्य छापायचे, हे विसंगत आहे.

यावर उपाय सोपा आहे. तिचे नाव जसे आहे तसे छापावे, पुढे कंसात ‘पत्नी’ लिहावे. नाते कळते आणि सांगावा पुरा होतो.