परत आलेली गोष्ट

विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी 2006 साली पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले, त्यांत वाशीम होता. अशा जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थांचे इंग्रजी अहवाल मराठीत आणण्याचे काम मी करतो. त्यांतल्या 'लाभार्थींच्या कथां'विषयी माझे एक निरीक्षण आहे. इंग्रजी कथा दूरच्या देणगीदारासाठी लिहिलेली असते. मराठीत आली की ती जिची गोष्ट आहे तिच्याच गावात वाचली जाते. वाचक बदलला की कथेचा धोकाही बदलतो.

अशा कथांच्या साच्यावर मीच रचलेले हे वाक्य पाहा : 'पतीच्या आत्महत्येनंतर निराधार झालेल्या, दोन मुलींची आई असलेल्या रिसोड तालुक्यातील सुनीताला (नाव बदलले आहे) संस्थेने दोन शेळ्या दिल्या. आता तिच्या चेहऱ्यावर हसू आहे.'

नाव बदलले; पण तालुका, मृत्यूचे कारण, मुलींची संख्या आणि शेळ्या एकत्र ठेवल्या, की आठवडी बाजारात कोणीही बाईला ओळखेल. मुंबईच्या वाचकाला यातून काहीच कळत नाही, शेजाऱ्याला मात्र सगळे कळते. म्हणून नावाआधी तपशिलांची ही जुळणी मोडावी लागते. तालुक्याऐवजी जिल्हा पुरतो. मुलींचा उल्लेख शेळ्यांच्या हिशेबाला लागत नाही, तो गाळावा. मृत्यूचे कारण तिने स्वतः सांगावेसे म्हटले, तरच यावे.

दुसरी गोम व्याकरणात आहे. इंग्रजी 'शी'चे मराठीत 'ती' करायचे की 'त्या', हे अनुवादकच ठरवतो. त्याच अहवालात अध्यक्ष 'म्हणाले' आणि चाळिशीची शेतकरीण 'म्हणाली', असे सर्रास होते. शिवाय 'सुनीताला शेळ्या दिल्या' या रचनेत ती केवळ घेणारी उरते. पुढची सारी मेहनत वाक्याबाहेर जाते.

माझे रूप असे : 'वाशीम जिल्ह्यातील एका शेतकरी बाईंनी संस्थेकडून दोन शेळ्या घेतल्या. आज त्यांच्याकडे पाच आहेत. दोन बोकड विकून त्यांनी यंदाचे सोयाबीनचे बियाणे आणले.' संस्थेची मदत लपवलेली नाही. हसू मात्र गेले, कारण बियाणे पुरेसे बोलते.

यावर रास्त आक्षेप असा, की दुःख गाळले तर कोरडवाहू शेतीचे कर्ज आणि पडलेले भावही गळतात, आणि अहवाल गोड होतो. मला वाटते, ती कारणे जिल्ह्याच्या प्रकरणात आकड्यांसह सविस्तर यावीत; एका बाईच्या खांद्यावर ती लादू नयेत.

शेवटची पायरी बहुधा राहून जाते. संमतीची सही इंग्रजी मजकुरासाठी घेतलेली असते. छापण्यापूर्वी मराठी मसुदा त्या बाईंना, घरी चारचौघांत नव्हे, एकट्यांना वाचून दाखवावा. ऐकताना त्या ज्या शब्दाला थबकतील तो काढावा. आणि 'हे नकोच' म्हणाल्या, तर पानच काढावे.