दुसऱ्या ग्लासात काय होतं?

मागच्या महिन्यात ताईकडे गेले होते. माझी भाची सात वर्षांची आहे. तिचा सकाळचा नाश्ता ठरलेला असतो: वाटीभर चॉकलेटी सीरियल आणि वर ग्लासभर दूध, त्यात माल्टची पावडर. ताईच्या स्वयंपाकघरात केकसाठी आणलेला छोटा डिजिटल वजनकाटा दिसला आणि मला राहवलं नाही. वाटीतलं सीरियल मोजलं, ते ४८ ग्रॅम भरलं. पाकिटावर एका सर्व्हिंगचं वजन ३० ग्रॅम लिहिलेलं होतं. ताईने दुधात घातलेले दोन शिगोशीग चमचे मोजले, ते २६ ग्रॅम निघाले. डब्यावर लिहिले होते २० ग्रॅम. शिवाय "नाहीतर ती पीतच नाही" म्हणून वरून एक चमचा साखर, म्हणजे आणखी साधारण ५ ग्रॅम.

आता हिशोब करा. दोन्ही पदार्थांत १०० ग्रॅमला ३० ग्रॅम साखर आहे असं धरू. चॉकलेटी सीरियल आणि माल्ट पावडर या दोन्ही गटांत हा आकडा अजिबात अवाजवी नाही, घरातला डबा उलटा करून बघा. छापील सर्व्हिंगप्रमाणे सीरियलमधून ९ आणि पावडरमधून ६, अशी १५ ग्रॅम साखर होते. काट्याप्रमाणे मात्र १४.४ अधिक ७.८ अधिक ५, म्हणजे २७ ग्रॅमच्या वर. लेबल खोटं बोललं नाही, ताईनेही काही लपवलं नाही. तरी आकडा जवळजवळ दुप्पट झाला, कारण "एक सर्व्हिंग" हे एकक प्रयोगशाळेतलं आहे आणि चमचा घरातला.

संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यासाठी हा विषय मी यासाठीच निवडला. डब्याच्या मागचा तक्ता हा तुम्ही रोज बघता असा डेटा आहे. तो वाचताना होणाऱ्या चुका पुढे शोधनिबंध वाचतानाही होतात.

भाजक कोणता?

२०२३ साली बोर्नव्हिटावरून झालेला वाद आठवत असेल. रेवंत हिमतसिंगका यांचा व्हिडिओ एप्रिलमध्ये गाजला. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर त्यांनी तो काढून टाकला, पण चर्चा राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगापर्यंत गेली. टीकाकार १०० ग्रॅमचा आकडा दाखवत होते, की जवळपास निम्मी साखरच आहे. कंपनी सर्व्हिंगचा आकडा दाखवत होती: २० ग्रॅम पावडरमध्ये वरून घातलेली साखर साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा, मुलांच्या मर्यादेपेक्षा खूप कमी.

दोघांचेही आकडे लेबलवरचेच होते, फक्त भाजक वेगळा होता. १०० ग्रॅमचा आकडा दोन उत्पादनांची तुलना करायला योग्य आहे, पण १०० ग्रॅम पावडर एका बैठकीत कोणी खात नाही. सर्व्हिंगचा आकडा खाण्याच्या जवळ जातो, पण तो दिवसातल्या इतर सगळ्या साखरेपासून तोडून दाखवलेला असतो.

आणखी एक भाजक सहज नजरेतून सुटतो. आपल्याकडच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दर सर्व्हिंगला रोजच्या गरजेच्या किती टक्के हे छापावं लागतं, पण ते टक्के २००० किलोकॅलरी खाणाऱ्या सरासरी प्रौढाचे असतात. त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली आहे. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशींप्रमाणे साधारण १७०० किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. एका ग्रॅम साखरेत ४ किलोकॅलरी धरल्या तर भाचीसाठी या मर्यादा अनुक्रमे ४२ आणि २१ ग्रॅमच्या आसपास येतात.

इथे टीकाकारांनीही प्रामाणिक राहायला हवं. प्रौढाचे ५० आणि मुलाचे ४२ यांत फरक आहे, पण प्रचंड नाही. खरा फरक पडतो तो दोन गोष्टींनी: तुम्ही १० टक्क्यांची रेघ धरता की ५ टक्क्यांची, आणि छापील सर्व्हिंग धरता की खरी. भाचीच्या २७ ग्रॅमने सैलसर मर्यादा ओलांडली नाही. पण दिवस अजून सकाळच्या आठपर्यंतच आला होता, आणि डब्यातली जॅम-पोळी, संध्याकाळची बिस्किटं हिशोबात यायची होती.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये बोर्नव्हिटाने वरून घातलेली साखर १०० ग्रॅमला ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणली. चांगली गोष्ट आहे. पण ग्लासामागे बघितलं तर साडेसातऐवजी ६.४ ग्रॅम, म्हणजे बचत एका ग्रॅमची. ताईसारखे २६ ग्रॅमचे चमचे घातले की नव्या पावडरीतूनही ८.४ ग्रॅम साखर जाते, जुन्या पावडरीच्या छापील सर्व्हिंगपेक्षा जास्त. मोजमापातली चूक जेव्हा परिणामापेक्षा मोठी असते, तेव्हा त्या परिणामावर फार भरवसा ठेवता येत नाही. हे वाक्य तुमच्या प्रयोगशाळेतही उपयोगी पडेल.

माल्टची गोडी कुठल्या रकान्यात?

त्या जुन्या लेबलवर एकूण साखर ४९.८ आणि वरून घातलेली ३७.४ असे दोन आकडे होते. मग मधले बारा ग्रॅम कुठून आले? दूध पावडरीतल्या लॅक्टोजमधून आणि माल्टमधून.

माल्ट आपल्याला परका नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण घरी जे सत्त्व करतो ती हीच क्रिया. दाण्याला मोड येताना अमायलेज नावाची विकरं तयार होतात आणि स्टार्चचे तुकडे करायला लागतात. कारखान्यात मोड आलेल्या बार्लीचं पीठ गरम पाण्यात ठेवतात, तेव्हा या विकरांमुळे स्टार्चपासून माल्टोज नावाची साखर बनते. मग गाळून, आटवून त्याचा दाट गोड पाक होतो, तोच माल्ट एक्स्ट्रॅक्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मध आणि पाक यांतली साखर मुक्त साखरेत येते. मग हा पाक धान्याचा म्हणून सोडायचा, की पाक म्हणून मोजायचा? लेबलवर "वरून घातलेली साखर" हा आकडा वाचताना हा प्रश्न मनात असू द्या. व्याख्या बदलली की निष्कर्ष बदलतो.

श्रेय कोणाचं?

आता पोषणाकडे येऊ. जाहिरातीत ग्लास दिसतो आणि ग्लासात दूधही असतं. २०० मिली टोन्ड दुधात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. १०० ग्रॅमला ७ ग्रॅम प्रथिनं असलेली पावडर २० ग्रॅम घातली की त्यात भर पडते १.४ ग्रॅमची. म्हणजे ग्लासातल्या प्रथिनांपैकी ८० टक्के दुधाची. सीरियलच्या खोक्यावर "दुधासोबत" असा वेगळा रकाना दिसला तर तिथेही हीच वजाबाकी करा.

उरतं ते जीवनसत्त्वं आणि खनिजांचं मिश्रण. ते खरं आहे, पण ते बार्लीतून किंवा कोकोतून आलेलं नसतं, काही मिलिग्रॅम वरून मिसळलेलं असतं. त्यातलं लोह घ्या. ते दुधात दिलं जातं आणि दुधातलं कॅल्शियम व केसीन लोहाचं शोषण कमी करतात. कोकोतले पॉलिफेनॉल्सही तेच करतात. शिवाय चव आणि रंग बिघडू नये म्हणून अशा पदार्थांत अनेकदा फेरिक पायरोफॉस्फेट वापरतात. ते फेरस सल्फेटपेक्षा कमी शोषलं जातं. डब्यावरचा आकडा डब्यात किती आहे ते सांगतो, रक्तात किती जाईल ते नाही.

आणि तो अभ्यास

"पण यावर संशोधन झालंय ना?" ताईने विचारलंच. झालंय, आणि बरं झालंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना १४ महिने सूक्ष्म पोषकद्रव्यांनी युक्त पेय देऊन बघितलं. रँडमाइज्ड, डबल ब्लाइंड, प्लासिबो-नियंत्रित अशी मांडणी होती. निष्कर्ष २००६ मध्ये 'न्यूट्रिशन' या नियतकालिकात आले. मुलांचं लक्ष आणि एकाग्रता मोजणाऱ्या चाचण्यांत सुधारणा दिसली. बुद्ध्यांक, स्मरणशक्ती आणि शाळेतली प्रगती यांवर परिणाम दिसला नाही.

बहुतेक जण पहिला निष्कर्ष सांगून थांबतात. काही टीकाकार दुसरा सांगून थांबतात. तुम्ही मात्र विचारा: दुसऱ्या गटाच्या ग्लासात काय होतं? पेयच होतं, फक्त पोषकद्रव्यांची जोड नसलेलं. डबल ब्लाइंड अभ्यासात तसंच असावं लागतं, नाहीतर कोणाला काय मिळालं ते लगेच कळेल. म्हणजे दोन गटांत जो फरक दिसला तो पोषकद्रव्यांचा होता. पेय दोन्हीकडे होतं, म्हणून पेयाचा परिणाम या मांडणीतून मोजताच येत नाही. तीच पोषकद्रव्यं गोळीतून, किंवा साखर नसलेल्या एखाद्या पदार्थातून दिली असती तर? तो या अभ्यासाचा प्रश्न नव्हता, आणि त्यात संशोधकांची काही चूक नाही. अभ्यासाने ज्याला उत्तर दिलंच नाही, ते उत्तर त्याच्या नावावर खपवणं ही चूक.

एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या गटाचं नाव कंपनीने 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स' असं केलं. पाटी बदलली, पण मागचा तक्ता वाचायचं काम तुमचं-माझं राहिलंच.

ताईला मी डबा फेकायला सांगितलं नाही. पावडरीशिवाय भाची दूधच पीत नसेल, तर ६ ग्रॅम प्रथिनांसाठी थोडी साखर हा सौदा वाईट म्हणता येत नाही. फक्त वरची साखर बंद केली, दोन शिगोशीग चमच्यांचा एक सपाट चमचा केला, आणि सीरियल रविवारपुरतं ठेवलं. इतर दिवशी पोहे, उपमा, अंडं. पहिले चार दिवस ग्लास अर्धा परत आला. पाचव्या दिवशी रिकामा आला. अर्थात हा एका मुलीवरचा, नियंत्रण गट नसलेला प्रयोग आहे, हेही लिहून ठेवा.