विधी-संशोधनातील आशयकथन व अवतरण : एक चिकित्सा

विधी विषयातील अनेक शोधनिबंधांत निवाड्याच्या परिच्छेदातील केवळ काही शब्द बदललेले दिसतात. वाक्यांचा क्रम व युक्तिवाद मूळचाच राहत असल्याने असे लेखन, तळटीप असली तरी, आशयकथन ठरत नाही.

विदर्भातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये घडलेल्या घटनेवरील 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा १९७८ चा निवाडा या दृष्टीने अभ्यासनीय आहे. मुलीच्या अंगावर जखमा नसल्याने प्रतिकाराची हकिकत खोटी ठरवून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. हा तर्क संदर्भासह स्वतःच्या शब्दांत सांगता येतो. मात्र न्यायालयाचा 'पीसफुल अफेअर' हा शब्दप्रयोग अवतरणचिन्हांतच हवा. त्याजागी 'संमती' लिहिल्यास ज्यावर टीका करावयाची, तेच पुसले जाते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. भीतीपोटी पत्करलेली असहाय शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे मत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते उद्धृत करून त्यावर आधारलेली दोषसिद्धी रद्द केली. ते सर्वोच्च न्यायालयाच्या नावावर घातल्यास निवाड्याचा अर्थच उलटतो.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ च्या खुल्या पत्रात संमती आणि शरणागती यांतील भेदावरच बोट ठेवले. हा युक्तिवाद मराठीत आणला तरी त्याचे श्रेय त्यांचेच राहते. संशोधकाने आपले विवेचन त्यापुढे सुरू करावयास हवे.