पीटरची निळी खुर्ची: चित्रपुस्तकाचा दावा तपासायचा कसा?

घरी दुसरं बाळ येणार असलं की मोठ्या मुलासाठी एखादं चित्रपुस्तक आणा, असा सल्ला हमखास मिळतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला गोष्टीतून आधीच सगळं कळलं की ते तयार होतं, आणि मग त्याला बाळाचा हेवा वाटत नाही, असा त्यामागचा हिशोब. पण त्यात दोन वेगळे दावे एकत्र मिसळलेत. पुस्तकाने मुलाला माहिती मिळते, हा एक. पुस्तकाने मुलाची भावना बदलते, हा दुसरा. पहिला तपासायला सोपा आहे. दुसऱ्यावर मात्र आपण फार पटकन विश्वास ठेवतो. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर हे प्रकरण सरावाला चांगलं आहे, म्हणून आज एकच पुस्तक घेऊन बसू.

पुस्तक आहे एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘पीटर्स चेअर’, १९६७ सालचं. कीट्स ब्रुकलिनचे. त्यांच्या ‘द स्नोई डे’मध्ये बर्फात खेळणारा पीटर तुम्ही कदाचित पाहिला असेल. तोच मुलगा इथे थोडा मोठा झालाय आणि त्याला सूझी नावाची बहीण झालीय. गोष्ट थोडक्यात अशी: पीटर ठोकळ्यांची उंच इमारत रचतो, ती कोसळते, आवाज होतो, आणि आई म्हणते की आता घरात बाळ आहे, हळू खेळ. मग त्याला दिसतं की त्याचा पाळणा गुलाबी रंगवलाय. त्याची जेवायची उंच खुर्ची बाबा रंगवतायत. झोपायचा पलंगही गुलाबी झालाय. एक छोटी निळी खुर्ची तेवढी रंगाविना उरलीय. ती उचलून, कुत्र्याला सोबत घेऊन, खाऊ आणि स्वतःचा तान्हेपणीचा फोटो बांधून पीटर ‘पळून’ जातो, म्हणजे घराच्या दारासमोरच जातो. तिथे खुर्चीत बसायला बघतो तर मावतच नाही. आई जेवायला हाक मारते. तो आधी ऐकलं नाही असं दाखवतो, पडद्याखाली नुसते बूट ठेवून आईला फसवतो. शेवटी मोठ्यांच्या खुर्चीत बाबांशेजारी बसतो आणि स्वतःच सुचवतो की छोटी खुर्ची सूझीसाठी रंगवू या.

आता ‘छान आहे’ म्हणून पुस्तक मिटू नका. संशोधनात आपण आशयाचं कोडिंग करतो, म्हणजे प्रत्येक प्रसंगाला तेच ठरावीक प्रश्न विचारतो आणि उत्तर नोंदवतो. लॉरी क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये भावंडांवरच्या २६१ बालपुस्तकांचा अशाच पद्धतीने अभ्यास केला होता. आपण एकाच पुस्तकाला तीन प्रश्न विचारू. मोठ्या मुलाला काय वाटतंय ते दिसतं का? घरातली मोठी माणसं त्यावर काय करतात? आणि बाळ ही एक व्यक्ती म्हणून येते का, म्हणजे तिला काही हवंय, काही नकोय, असं कुठे येतं का?

पहिल्या प्रश्नावर पुस्तक भक्कम आहे, आणि ते एका विशेष पद्धतीने. पीटर रागावलाय किंवा त्याला हेवा वाटतोय, असं सांगण्यात पुस्तक वेळ घालवत नाही. त्याचा राग वस्तूंवर बसलेला दिसतो: पाळणा, खुर्ची, पलंग. तीन वर्षांच्या मुलाला ‘आईचं प्रेम विभागलं गेलं’ हे कळत नाही, पण ‘माझी खुर्ची रंगवली’ हे नेमकं कळतं. कीट्स यांची सगळ्यात चांगली चाल म्हणजे खुर्चीत न मावणं. ‘तू आता मोठा झालास’ असं कुणीही त्याला बजावत नाही. ते त्याला स्वतःच्या शरीरानेच कळतं. बहुतेक पुस्तकं हेच काम आईच्या तोंडी एक वाक्य घालून उरकतात, आणि ते वाक्य ऐकून मुलं कंटाळलेली असतात.

दुसऱ्या प्रश्नावर उत्तर संमिश्र येतं. आई गप्प करते, बाबा ‘मदत कर’ म्हणतात. तुला वाईट वाटलं का, असं मात्र कुणी विचारत नाही. जेवायला हाक मारणं हा भावनेला दिलेला प्रतिसाद धरायचा का? मी ‘हो’ नोंदवलं, कारण आई रागावत नाही आणि परत यायचा रस्ता मोकळा ठेवते. तुमचा सहकारी ‘नाही’ नोंदवेल. असे मतभेद दिसले की कोणाचं बरोबर यावर भांडू नका. तुमची व्याख्या सैल आहे एवढाच त्याचा अर्थ. व्याख्या घट्ट करा आणि दोघांनी एकमेकांचं न बघता पुन्हा नोंदवा.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र रकाना रिकामा राहतो. सूझीला भूक लागलीय, ती रडतेय, तिला उजेड नकोसा होतोय, असं काहीच नाही. ती म्हणजे सामान रंगवण्याचं कारण. आणि माझ्या मते ही बारीक उणीव नाही.

ती मोठी का, हे समजायला केंब्रिजमधला एक अभ्यास बघावा लागतो. जुडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांत, दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून, घरी जाऊन निरीक्षणं केली. त्यांचं ‘सिब्लिंग्ज’ हे पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यातला एक निष्कर्ष आजही उद्धृत होतो: ज्या घरांत आई सुरुवातीच्या आठवड्यांतच मोठ्या मुलाशी बाळाबद्दल ‘त्याला काय हवं असेल’ अशा भाषेत बोलत होती, तिथे बाळ १४ महिन्यांचं झालं तेव्हा भावंडांचं एकमेकांशी वागणं जास्त मैत्रीचं होतं.

इथे लगेच टाळ्या वाजवू नका, कारण हा सहसंबंध आहे. बोलणं आधी मोजलं आणि मैत्री नंतर, त्यामुळे उलटा बाण थोडा अवघड होतो, पण तिसरं कारण शिल्लक राहतंच. मुळात शांत स्वभावाच्या मुलाशी असं बोलणं सोपं जातं, आणि तेच मूल पुढे मैत्रीनेही वागतं. म्हणून यातून ‘बोला म्हणजे हेवा जाईल’ असं निघत नाही. निघतं ते इतकंच: पुस्तकाचं मूल्यमापन करताना हा तिसरा प्रश्न विचारणं शहाणपणाचं आहे. (मराठीत हे बोलणं सहज जमतं. ‘ते रडतंय, काय झालं असेल गं त्याला?’ हे आपल्या घरांतलं रोजचं वाक्य. बाळ व्याकरणाने नपुंसकलिंगी असलं तरी!)

तुलनेसाठी केव्हिन हेंक्स यांचं १९९० चं ‘ज्यूलियस, द बेबी ऑफ द वर्ल्ड’ घ्या. उंदरीण लिली भावाच्या जन्माआधी त्याच्यावर जीव टाकते आणि जन्मानंतर त्याला वाट्टेल ते बोलते. आईबाबा जास्तीचं लाड-कौतुक करून बघतात, उपयोग शून्य. शेवटी चुलत बहीण बाळाला नावं ठेवते तेव्हा लिली उसळून भावाची बाजू घेते. मला हे पुस्तक मनापासून आवडतं, कारण मोठ्यांचे उपाय फसतात हे ते प्रामाणिकपणे दाखवतं. पण त्यातली गंमत उपरोधाची आहे. पाच वर्षांच्या मुलाला ती कळते. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र बाळाला चिडवायच्या नव्या युक्त्या लागतील, अशी मला रास्त भीती वाटते. ‘पीटर्स चेअर’बद्दलही तीच शंका आहे: ज्या मुलाला आपल्या जुन्या पाळण्याची आठवणही नव्हती, त्याला पाळणा जाऊ शकतो ही कल्पना आपणच देतोय का?

ही शंका खरी की खोटी, ते प्रयोगानेच कळेल. ‘पुस्तक वाचलं आणि महिन्याभरात मुलगा निवळला’ हा पुरावा का चालत नाही, ते मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्होलिंग यांच्या कामातून दिसतं. त्यांनी २४१ कुटुंबांचा गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पाठपुरावा केला. बहुतेक मोठ्या मुलांमध्ये मोठं संकट वगैरे दिसलं नाही. ती बऱ्यापैकी जुळवून घेत होती. थोडक्यात, पुस्तक न वाचताही अनेक मुलं निवळणारच होती, आणि श्रेय तेवढं पुस्तकाला मिळतं.

मग प्रयोग कसा आखाल? गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात कुटुंबं घ्या आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला बाळाचं पुस्तक द्या. दुसऱ्याला काहीच न देणं ही नेहमीची चूक. आईच्या मांडीवर रोज दहा मिनिटं बसणं हेच औषध असू शकतं, म्हणून दुसऱ्या गटालाही तितक्याच लांबीचं, पण ट्रेनचं किंवा पावसाचं पुस्तक द्या. परिणाम आईला विचारून मोजू नका, कारण कोणतं पुस्तक वाचलं ते तिला माहीत असतं. बाळ तीन आठवड्यांचं असताना दूध पाजण्याच्या वेळचं चित्रीकरण करा. मोठ्या मुलाची परीक्षा खरी त्याच वेळी असते: आई समोर आहे, पण तिचे हात मोकळे नाहीत. ते बघून नोंदी करणाऱ्याला गट माहीत नसावा.

किती कुटुंबं लागतील? एक कामचलाऊ सूत्र आहे, दोन गटांच्या तुलनेत ५ टक्के पातळीवर ८० टक्के शक्तीसाठी: प्रत्येक गटात n = 16/d². इथे d म्हणजे फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे ते. पुस्तकासारख्या हलक्या उपायाकडून ०.३ इतका फरक अपेक्षिला तर १६ भागिले ०.०९, म्हणजे दर गटात साधारण १७८, एकूण ३५६ कुटुंबं. मधेच गळणारी वेगळीच. व्होलिंग यांच्या मोठ्या अभ्यासातही २४१ होती! एवढा खर्च करण्याआधी आशयाचं कोडिंग का करून घ्यायचं, ते यावरून लक्षात येईल.

आणि हा प्रयोग आपल्याकडे करायचा तर आणखी एक पेच आहे. या पुस्तकांतलं घर एकाच जागी असतं. आपल्याकडे आई बाळंतपणासाठी माहेरी जाते, मोठं मूल कधी तिच्याबरोबर आजोळी जातं, तर कधी बाबांजवळ मागे राहतं. त्यामुळे तीन आठवड्यांनी जो चिडचिडेपणा दिसतो तो बाळामुळे, की बिछाना, शेजारी आणि पाळणाघर बदलल्यामुळे, हे वेगळं काढता आलं पाहिजे. मूल त्या वेळी कुठे राहतंय याची नोंद ठेवाच, शक्य असेल तर चिठ्ठ्या टाकतानाच त्यानुसार गट पाडा.

तोवर पुस्तक निवडायचंच असेल, तर अडीच वर्षांच्या मुलासाठी मी ल्यूसी कझिन्स यांचं १९९५ चं ‘झाझाज बेबी ब्रदर’ आधी घेईन. त्यात झेब्र्याच्या पिल्लाला आईबाबा सतत कामात दिसतात आणि बाळ झोपल्यावर आईची कुशी मिळते. ‘आत्ता नाही, मग मिळेल’ हा क्रम या वयात समजतो. ‘पीटर्स चेअर’ मी वर्षभराने काढीन, बाळ रांगून मोठ्याच्या वस्तू ओढायला लागलं की. आणि खुर्चीच्या पानावर वाचणं थांबवून विचारीन, ‘सूझीला कोणता रंग आवडत असेल?’ पुस्तकात नसलेला तो तिसरा रकाना वाचणाऱ्यालाच भरावा लागतो.