झेल दिसला, पण सामना कुठे फिरला?

मराठी वृत्तपत्रांतले सामन्याचे वृत्त अजूनही बहुधा नाणेफेकीपासून निघते. सलामीवीर कसे बाद झाले, मधल्या फळीने किती भर घातली, तळाच्या फलंदाजांनी काय केले, अशी स्थानके घेत ते शेवटच्या षटकाला पोहोचते. रेडिओवरच्या समालोचनाखेरीज काही हाती नसलेल्या वाचकाला या क्रमाची गरज होती. आजच्या वाचकाने धावफलक रात्रीच मोबाइलवर पाहिलेला असतो. सकाळी त्याला वेगळेच हवे असते: सामना नेमका कुठे फिरला, आणि का?

हे वार्ताहरांना कळत नाही असे नाही. अडचण घड्याळाची आहे. रात्रीचा सामना संपायला आणि पान सोडायला एकच गाठ पडते, म्हणून बातमी सामना चालू असतानाच लिहून ठेवावी लागते. घटना जशा घडतात तशा कागदावर येतात आणि शेवटी वर निकालाचे एक वाक्य चिकटवले जाते. अलीकडे याला दुसरा रोग जडला आहे. ज्या क्षणाची चित्रफीत सर्वाधिक फिरते, तोच कलाटणीचा क्षण ठरतो.

29 जून 2024 रोजी ब्रिजटाऊनला झालेला ट्वेंटी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना याचे उत्तम उदाहरण. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर टिपलेला डेव्हिड मिलरचा झेल सगळ्यांना आठवतो आणि तो अफलातून होताच. पण तो घेतला गेला शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर. तेव्हा दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत 16 धावा हव्या होत्या, म्हणजे पारडे आधीच भारताकडे झुकलेले होते. तो चेंडू षटकार ठरता तर पाच चेंडूंत 10 धावा उरल्या असत्या आणि सामना पुन्हा उलटला असता. झेलाने सामना वाचवला, फिरवला नाही. हा फरक वृत्तात यायला हवा.

मग फिरला कुठे? हे शोधायला मागे जावे लागते. पंधराव्या षटकात अक्षर पटेलला 24 धावा पडल्या आणि समीकरण 30 चेंडूंत 30 धावा असे सोपे झाले. सोळाव्यात बुमराने चारच धावा दिल्या. 24 चेंडूंत 26 हव्या होत्या, सहा गडी शिल्लक होते. हेही अवघड नव्हते, कारण 52 धावांवर पोहोचलेला क्लासेन उभा होता. त्यानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्यावर उपचारांसाठी खेळ थांबला. सतराव्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिक पांड्याने संथ चेंडू ऑफ स्टंपच्या खूप बाहेर टाकला, क्लासेनने बॅट लांबवली आणि झेल पंतकडे गेला. त्या षटकातही चारच धावा निघाल्या.

आकड्यांवर भिस्त ठेवणारा वार्ताहर अठराव्या षटकावर बोट ठेवील. त्यात बुमराने दोन धावा देऊन यान्सनचा त्रिफळा उडवला आणि षटकामागे हव्या असलेल्या धावा सातच्या घरातून थेट दहावर गेल्या. पण यान्सन तिथे आलाच मुळी क्लासेन गेला म्हणून. उडी अठराव्या षटकात दिसते, तिचे कारण सतराव्याच्या पहिल्या चेंडूत आहे. वृत्ताची सुरुवात तिथून व्हावी: 24 चेंडूंत 26 धावा, सहा गडी हातात, क्लासेन खेळपट्टीवर, आणि तरीही दक्षिण आफ्रिका हरली. कोहलीच्या 76 धावा त्यानंतर येऊ द्याव्यात. त्यांच्याशिवाय 176 झाल्याच नसत्या, पण त्या पाया होत्या, वळण नव्हे.

इथे एक पथ्य पाळावे लागते. पंतने उपचारांच्या निमित्ताने मुद्दाम वेळ काढला, हे रोहित शर्माने काही महिन्यांनी सांगितले. त्या रात्री वार्ताहराला फक्त खेळ थांबलेला दिसला होता. तेवढेच लिहिणे योग्य. हेतू जोडला की वृत्ताची कादंबरी होते.

प्रत्येक सामन्याला असा एक चेंडू सापडतोच असे नाही. 2001 च्या ईडन गार्डन्स कसोटीत लक्ष्मण आणि द्रविड चौथा अख्खा दिवस बाद झाले नाहीत. तिथे वळण दिवसभराचे होते. त्याला क्षणात कोंबणे खोटेपणाच ठरेल. कबड्डीत तर उलटी गंमत. आपल्याकडच्या वृत्तांत मध्यंतराची आघाडी, लोण आणि चढाईपटूंच्या नावांची यादी येते. लोण दिल्याचे दोन जादा गुण ठळक दिसतात. पण बरेचदा त्याआधी प्रमुख चढाईपटूची पकड झालेली असते आणि तो बाहेर बसल्यामुळेच संघ रिकामा होत जातो. ती पकड कोणी, कोणत्या कोपऱ्यात केली, हे क्वचितच छापून येते.

क्रीडा संपादकांनी धावफलक आणि गुणतक्ता चौकटीत द्यावा आणि वार्ताहराला पहिला परिच्छेद सामना संपल्यावर लिहू द्यावा. त्यासाठी पान दहा मिनिटे उशिरा सोडावे लागले तरी चालेल.